भाईजान होते, पण सही नव्हती

भाईजानचं अकोल्यात हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, मोटारपंप, ताडपत्री, पत्रे, खिळेमोळे. अब्बूंनी सुरू केलं, भाईजाननं वाढवलं. मी अमरावतीला शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दुकानाशी माझा संबंध एवढाच, की ईदला गेले की गल्ल्यावर बसून चहा प्यायचा. पण तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात त्या दुकानाचं मला जे कळलं, ते अब्बूंच्या हयातीतही कळलं नव्हतं.

मृग लागला होता. ताडपत्रीचा आणि पाइपचा सीझन. गुरुवारी सकाळी भाभीचा फोन आला. फजरनंतर भाईजान चहा प्यायला बसले, कप हातातून सुटला, उजवा हात खाली लोंबला आणि तोंडातून भलतेच शब्द येऊ लागले. मी मूर्तिजापूर ओलांडेपर्यंत त्यांना दवाखान्यात नेऊन स्कॅनिंगही झालं होतं. लकवा. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती.

वाचा गेली म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. माणसाला समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, ओळख असते, डोळ्यांत पाणी येतं, पण हवा तो शब्द सापडत नाही. भाईजान प्रत्येक गोष्टीला ‘पाणी’ म्हणायचे. पाणी पुढे केलं की चिडायचे. ते आमच्यासमोर होते, शुद्धीवर होते, आणि त्यांच्या डोक्यात बंद असलेलं दुकान आम्हाला उघडता येत नव्हतं.

पहिली अडचण अगदी साधी होती. किल्ल्या. दुपारी मुनीमजींचा फोन आला. ते अब्बूंच्या वेळचे.

“ताई, शटर त कसंबी उघडू, एक किल्ली माह्याजवळ हाय. पण गोदामाचं काय करता? ताडपत्र्या साऱ्या तिकडंच हायेत.”

गोदामाची किल्ली भाईजानच्या कुर्त्याच्या खिशात असायची. तो कुर्ता दवाखान्यात कापून काढला होता आणि सामानाच्या पिशवीत गेला होता. ती पिशवी शुक्रवारी संध्याकाळी सापडली. तोपर्यंत मुनीमजींनी कुलूप कटरनं कापलं होतं.

दुसरी अडचण फोन. अंगठा लावला की उघडणारा फोन. पण धावपळीत त्याची बॅटरी संपली. चार्ज करून सुरू केला, तर तो अंगठा घेईना. असे फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाले, की पहिल्यांदा पॅटर्न किंवा पिन मागतात, आणि मगच अंगठा चालतो. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. भाच्यानं अंदाजानं पॅटर्न काढून पाहिले. चुका वाढल्या तसा फोन थांबायला सांगू लागला. मी तो हातातून काढून घेतला. त्या फोनमध्ये व्यापाऱ्यांचे नंबर होते, ट्रान्सपोर्टवाल्याचा होता, उधारीच्या पावत्यांचे फोटो होते.

तिसरी अडचण सोमवारी येणार होती आणि ती मुनीमजींनाच माहीत होती. पाइपच्या व्यापाऱ्याला दिलेला ८४ हजारांचा चेक सोमवारी वटायला लागणार होता. चेकबुकाच्या अर्ध्या पानावर तारीख होती. मुनीमजींच्या रोजमेळाप्रमाणे खात्यात ३१ हजार होते. चेक परत गेला असता तर व्यापाऱ्याचा विश्वास गेला असता, आणि वर कायदेशीर नोटिशीची वेळ आली असती. पण इथे एक गोष्ट आमच्या बाजूची निघाली. खात्यातून पैसे काढायला सही लागते, भरायला लागत नाही. गल्ल्यातले ३८,५००, भाभीच्या कपाटातले १० हजार आणि माझे ५ हजार, असे मुनीमजींनी सोमवारी बँक उघडताच भरले. चेक पास झाला.

पैसे काढायचा प्रसंग आठवड्यानं आला. दवाखान्याचं बिल. खातं भाईजानच्या एकट्याच्या नावावर. भाभी बँकेत गेल्या तर खिडकीवरच्या माणसानं विचारलं, “नॉमिनी कोण?” भाभी म्हणाल्या, “मीच.” तो म्हणाला, “मग डेथ सर्टिफिकेट?” भाभी तिथंच खाली बसल्या.

त्या दिवशी मला कळलं, की आपण ज्याला तयारी म्हणतो ती सगळी मरणाची तयारी असते. नॉमिनी मरणानंतरचा. वसीयत मरणानंतरची. विमाही बहुतेक वेळा तेव्हाचाच. माणूस आहे, श्वास चालू आहे, पण सही करू शकत नाही, या दिवसांसाठी भाईजानच्या कपाटात एकही कागद नव्हता.

बँकेतल्याच एका जुन्या अधिकाऱ्यानं भाभींना उठवून केबिनमध्ये नेलं. त्यांनी सांगितलेला नियम प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराला सही जमत नसेल, तर अंगठा चालतो. हाताचा जमत नसेल तर पायाचा. तो अंगठा बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांनी ओळखायचा आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असायचा. पैसे कोणाच्या हाती द्यायचे, ते खातेदारानं दाखवायचं. ते अधिकारी स्वतः दवाखान्यात आले. दुसरे साक्षीदार मुनीमजी, कारण बँकेत त्यांचा रोजचा वावर. अधिकाऱ्यांनी सावकाश विचारलं, “शेठ, बिलाचे पैसे काढायचे का?” भाईजाननी मान हलवली. “कोणाकडे देऊ?” त्यांनी डावा हात भाभींकडे केला. मग डाव्या हाताचा अंगठा. हे सगळं झालं ते त्यांना कळत होतं म्हणून. बेशुद्ध असते तर ही वाटही बंद होती.

चौथी अडचण जीएसटीची. मे महिन्याचं तीन-बी रिटर्न २० जूनपर्यंत भरायचं होतं. सल्लागारांनी आकडे तयार ठेवले होते, पण शेवटचा ओटीपी भाईजानच्या कुलूपबंद फोनवर येणार. सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घातलं असतं तर निदान मेसेज दिसला असता, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. फोन उघडला तो बाराव्या दिवशी, घरी आल्यावर. तोवर आम्ही त्यांना पॅटर्न ‘विचारत’ होतो. त्या दिवशी भाचीनं नुसता फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बोट आपोआप फिरलं आणि पडदा उजळला. जे जिभेला सापडत नव्हतं ते बोटाला पाठ होतं. २९ तारखेला रिटर्न गेलं, रोजचे ५० याप्रमाणे नऊ दिवसांचे ४५० रुपये आणि कराच्या रकमेवर व्याज भरून. रक्कम लहान होती. पण ते आणखी तीन महिने दवाखान्यात राहिले असते, तर?

आणि उधारी. वहीत नोंदी होत्या, पण भाईजानच्या त्यांना एकट्यालाच कळणाऱ्या लिपीत. ‘पा. मोठा – २ मोटार’. कुठल्या गावचा पाटील, ते त्यांच्या डोक्यात. कापूस, तूर विकली की पैसे येणार, ही बोली तोंडी. काही शेतकरी स्वतःहून आले. “भाऊ कसे हायेत?” विचारून आपली रक्कम आपणच सांगून गेले. काही आले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, कारण मागणाऱ्याकडेच पुरावा नव्हता.

मला तेव्हा सूरह बकराची २८२ वी आयत आठवत राहिली. कुरआनातली सर्वांत मोठी आयत आणि विषय काय, तर उधारीचं लिखाण. लिहा, मुदत लिहा, दोन साक्षीदार घ्या. पण तिच्यात आणखी एक वाक्य आहे, ज्यावरून मी वर्षानुवर्षं पुढे जात होते. ज्याच्यावर देणं आहे तो दुबळा असेल किंवा सांगून लिहवू शकत नसेल, तर त्याच्या पालकानं न्यायानं लिहवावं. म्हणजे माणसाची वाचा जाऊ शकते, हे धरूनच व्यवहार करायचा आहे.

भाईजान हळूहळू सावरले. चार महिन्यांनी वाक्यं येऊ लागली, दुपारपर्यंत दुकानात बसू लागले. एका रविवारी मी वही घेऊन बसले आणि म्हटलं, आता सगळं लिहून काढू. ते भडकले. शब्द शोधत शोधत म्हणाले, “मी... मेलो नाही अजून.”

मी म्हटलं, “भाईजान, म्हणूनच. मेल्यावरचं सगळं लिहिलेलं आहे तुमचं. जगण्याचंच राहिलंय.”

त्यांची खरी भीती वेगळी होती, ती नंतर कळली. सगळ्या किल्ल्या आणि पासवर्ड दुसऱ्याकडे गेले, की आपण नावापुरते मालक. ही भीती चुकीची नाही. अनेक घरांत याच कारणानं हा कागद कधीच लिहिला जात नाही. त्यामुळे आम्ही एक नियम धरला. मालकाची किल्ली दुसऱ्याला द्यायची नाही. दुसऱ्याला त्याची स्वतःची, तेवढ्याच कामाची किल्ली करून द्यायची. भाईजानचा पासवर्ड भाच्याला दिला, तर भाचा भाईजान बनून काम करतो. त्याला स्वतःचा अधिकार दिला, तर तो स्वतःच्या नावानं करतो, आणि कोणी काय केलं ते दिसतं.

कागदाची सुरुवात आम्ही किल्ल्यांपासून केली नाही, कामांपासून केली. भाईजाननी आठवडाभर रोज काय केलं, ते भाचीनं लिहिलं. पंचवीसेक कामं निघाली. प्रत्येक कामापुढे चार रकाने. कधी करायचं, कोण करणार, तो नसेल तर कोण, आणि त्यासाठी काय लागतं. या शेवटच्या रकान्यातून किल्ल्या, पासवर्ड आणि नंबर आपोआप बाहेर आले. उदाहरणार्थ, चेकची ओळ अशी झाली: दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे चेक पाहायचे, मुनीमजी, ते नसतील तर भाभी, चेकबुक, रोजमेळ आणि पाइपवाल्यांचा नंबर. नंबरासमोर नुसतं नाव नाही, काय बोलायचं तेही लिहिलं: ‘चेक चार दिवस उशिरा टाका, म्हणून विनंती’. हे सगळं कागदावर, कारण फोन कुलूपबंद झाला तर त्यातली यादीही कुलूपबंद होते.

किल्ल्यांवर नाव न लिहिता नंबर टाकले, म्हणजे जुडगा हरवला तरी सापडणाऱ्याला कळू नये. नंबर कशाचा, ते कागदावर. एक जुडगा भाईजानकडे, एक घरी, आणि शटर-गोदामाच्या दोन मुनीमजींकडे. तिजोरीची दुसरी किल्ली घरीच.

बँकेत भाभींच्या नावानं अधिकारपत्र दिलं. त्यात रकमेची मर्यादा घातली. भाभी स्वतःची सही करून त्या मर्यादेपर्यंत चेक काढू शकतात. पण याची हद्द मी मुद्दाम लिहिते, कारण लोक यावर जास्तच भरवसा ठेवतात. असं अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान शाबूत आहे तोवरच चालतं. कराराच्या कायद्याप्रमाणे देणारा वारला किंवा त्याची समज गेली, की अधिकार संपतो. कोमात गेलेल्या माणसाच्या घरच्यांना पालक म्हणून नेमून घ्यायला हायकोर्टाची पायरी चढावी लागल्याची उदाहरणं आहेत. म्हणून दुसरं एक खातं दोघांच्या नावानं काढलं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं. त्यात घरखर्च आणि मुनीमजी-पोरांचा पगार मिळून तीन महिन्यांची रक्कम ठेवतात. धंद्याचं खातं अडकलं तरी चूल आणि पगार अडकत नाहीत.

जीएसटीच्या पोर्टलवर सही करणारा दुसरा अधिकृत माणूस जोडता येतो. तिथे भाचीचं नाव घातलं, कारण ती बीकॉम करतेय. तिचा ओटीपी तिच्या मोबाइलवर येतो. ई-वे बिलासाठी मुनीमजींना वेगळं उप-खातं काढून दिलं. भाचा थोडा रुसला, की बहिणीला का. भाईजान म्हणाले, “तुला गोदाम.” गोदाम त्यानं चांगलं सांभाळलं आहे.

यातून जे उरलं तेवढंच लिफाफ्यात गेलं. फोनचा पॅटर्न, आकडे टाकून काढलेला. ईमेलचा पासवर्ड, कारण बाकी बहुतेक पासवर्ड बदलायची वाट ईमेलमधूनच जाते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आणि कॅमेऱ्याचा. यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन लिहिले नाहीत. ते कोणालाच द्यायचे नसतात आणि आता त्यांची गरजही उरली नव्हती. लिफाफा भाभींकडे, लाख लावून, जोडावर भाईजानची डाव्या हाताची सही. उघडायचा तर भाभी आणि मी, दोघींनी मिळून. त्यांनी अधूनमधून मागून पाहिला, की सील तसंच आहे ना. ते समाधान झाल्यावर त्यांची चिडचिड कमी झाली.

उधारीची वही भाची आता वेगळी लिहिते. पूर्ण नाव, गाव, मोबाइल, वस्तू, रक्कम, मुदत आणि घेणाऱ्याची सही. पहिल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकं नाराज झाली. मुनीमजींनी त्यांना समजावलं, “भाऊले आता याद राहत नाई जी.” मग कोणी बोललं नाही.

एवढं लिहून झाल्यावर आम्हाला वाटलं, झालं. शाळेत मी मुलांना सांगते, की उत्तर पाठ आहे हे वहीवरून नाही, वही मिटल्यावर कळतं. तेच इथे केलं. एका गुरुवारी भाईजान फोन बंद करून माझ्याकडे अमरावतीला आले. सकाळी दहा ते रात्री आठ त्यांना फोन करायचा नाही, असं ठरलं. तिकडे तीन गोष्टी अडल्या. गोदामाची नवी किल्ली कुलपात जात होती, पण फिरत नव्हती. ती किल्लीवरून केलेल्या किल्लीवरून केली होती, घासाघासीत दाते बदलले होते. ट्रान्सपोर्टवाल्याचा कागदावरचा नंबर जुना निघाला. आणि एका गिऱ्हाइकाला मोटार परत करायची होती, तर परत घ्यायची की नाही, हे ठरवायचा अधिकार कागदात कोणालाच दिला नव्हता. पहिल्या दोन गोष्टी अर्ध्या तासात दुरुस्त झाल्या. तिसरीसाठी नवी ओळ घातली: पाच हजारांपर्यंतचा निर्णय मुनीमजींचा, त्यावर भाभींना विचारायचं.

भाईजान दिवसभर अस्वस्थ होते. असरनंतर म्हणाले, “एक फोन... करू का?” मी नाही म्हटलं. रात्री भाचीचा फोन आला, गल्ला जुळला म्हणून. ते बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मग म्हणाले, “अब्बू... हजला गेले नाहीत. दुकानामुळे.”

हे खरं होतं. अब्बू दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. दुकान कोण पाहील?

आता दर रमजानच्या आधी एक दिवस असाच बंद फोनचा असतो. किल्ल्या लावून पाहतात, नंबर फिरवून पाहतात, लिफाफा बदलतात, जुना जाळतात. यंदा कागद तपासताना भाईजाननी स्वतः एक ओळ वाढवली. डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात. कामाच्या रकान्यात ‘दुकान – चाळीस दिवस’. कोण करणार, त्यापुढे भाभीचं नाव होतं, ते खोडून मुलीचं लिहिलं होतं. मी विचारलं, भाभी का नाही?

“ती... माझ्यासोबत,” ते म्हणाले.